माल जहाजावर, अ‍ॅडव्हान्स गेलेला, एलसी उघडलेला... ईआरपीत एंट्री कधी आणि कुठल्या रेटने?

चाकणचा_हिशेबनीस | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, ऑडिटरने आज अक्षरशः सालटं काढलं म्हणून हा धागा. आम्ही हायड्रॉलिक पॉवरपॅक बनवतो, व्हॉल्व तैवानवरून येतात. ईआरपीनेक्स्ट वापरतो, इन्व्हेंटरी पर्पेच्युअल. आतापर्यंत इम्पोर्ट वर्षातून एखाददुसरा, तोही पूर्ण अ‍ॅडव्हान्स देऊन, त्यामुळे कधी डोकं लावायची वेळ आली नाही. या वेळी पहिल्यांदाच एलसी केला आणि गोंधळ झाला.

केस अशी आहे (आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून गोल केलेत). १,२०० व्हॉल्व, ५० डॉलरचा एक, म्हणजे ६०,००० डॉलर, सीआयएफ न्हावा शेवा. २० टक्के अ‍ॅडव्हान्स म्हणजे १२,००० डॉलर जानेवारीत गेले, तेव्हा बँकेने ८३.०० लावला. उरलेल्या ४८,००० चा एलसी, बीएलच्या तारखेपासून ९० दिवस. बीएल १८ मार्चचं, त्या दिवशीचा रेट ८४.००. माल आमच्या गेटवर आला ११ एप्रिलला.

आम्ही काय केलं ते सांगतो, हसू नका. आमच्या नव्या मुलाने एलसी उघडला त्याच दिवशी ४८,००० डॉलरची पेमेंट एंट्री टाकली. त्याचं म्हणणं, बँकेने कागद दिला म्हणजे पैसे गेलेच की. मग ११ एप्रिलला जीआरएन आणि त्याच दिवशी परचेस इन्व्हॉइस, त्या दिवशीच्या रेटने. ३१ मार्चला बघितलं तर स्टॉकमध्ये एकही व्हॉल्व नाही आणि सप्लायरच्या नावावर मात्र पन्नास लाखांच्या आसपास येणं दिसतंय. ऑडिटर विचारतो, माल कुठंय? म्हटलं समुद्रात. तर म्हणे समुद्र तुमच्या बॅलन्सशीटमध्ये दिसत नाही.

तर प्रश्न एवढाच, एंट्र्या कुठल्या तारखेला आणि कुठल्या रेटने करायच्या?

---

टॅलीवाला_नाना | सोमवार, रात्री १०:०५

एवढं कशाला ताणताय राव. बिल ऑफ एन्ट्रीवर कस्टमने रेट छापलेला असतो ना, तोच सगळीकडे लावायचा. सरकारी रेट, कोणी बोट दाखवू शकत नाही. आमच्याकडे पंधरा वर्षं तसंच चाललंय, टॅलीत एक परचेस व्हाउचर मारला की विषय संपला.

---

जुना_कमर्शियल | सोमवार, रात्री १०:३२

नाना, पंधरा वर्षं चाललं म्हणजे पंधरा वर्षं कोणी बघितलं नाही एवढंच. कस्टमचा रेट फक्त ड्युटी काढायला. तो आणि तुमच्या बँकेचा रेट यांचा काडीचा संबंध नाही. मालाची किंमत त्याने धरली तर तुमच्या वह्यांत असा रेट येतो की ज्या रेटने ना तुम्ही पैसे दिलेत ना देणं लागलात.

हिशेबनीस, आधी त्या पोराची एंट्री उलटवा. एलसी उघडणं म्हणजे बँकेने तुमच्या वतीने सप्लायरला शब्द दिलाय, की कागद बरोबर आले तर मी पैसे देईन. त्या दिवशी तुमच्या वह्यांत फक्त दोनच गोष्टी हलतात, मार्जिनपोटी बँकेने एफडी अडकवली असेल तर ती, आणि एलसीचं कमिशन. बाकी ४८,००० हे त्या दिवशी देणंही नाही आणि पेमेंटही नाही. एलसीची माहिती ठेवायला ईआरपीनेक्स्टमध्ये आयतं काही नाही, `Bank Guarantee` आहे पण त्यात एलसी कोंबायला जाऊ नका. वेगळं डॉकटाइप बनवा, पीओला जोडा, त्यात एलसी नंबर, रक्कम, शिपमेंटची शेवटची तारीख, एक्स्पायरी, कागद सादर करायचे दिवस आणि मुदत कशापासून मोजायची हे लिहा. ते शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, का ते उद्या सांगतो, आता झोपतो.

---

मृणाल_सीए | सोमवार, रात्री ११:१०

तारखेचा भाग मी घेते. सीआयएफमध्ये माल जहाजावर चढला की जोखीम तुमची. काटेकोर बोलायचं तर इन्कोटर्म्स जोखमीबद्दल बोलतात, मालकीबद्दल नाही, म्हणून करारात मालकीचं काही वेगळं लिहिलंय का ते एकदा बघा, काही नसेल तर बीएलची ऑन बोर्ड तारीख धरायची. म्हणजे १८ मार्चला माल तुमचा झाला आणि ४८,००० चं देणंही त्याच दिवशी उभं राहिलं. ३१ मार्चला ते गुड्स इन ट्रान्झिट म्हणून दिसायलाच हवं होतं, ऑडिटर चुकला नाही.

आता रेट. इथे बहुतेक लोक पूर्ण ६०,००० ला १८ मार्चचा ८४ लावतात. तुम्ही जानेवारीत जे १२,००० दिलेत ते परत डॉलरमध्ये येणार नाहीत, त्याचा माल येणार आहे, म्हणून तो अ‍ॅडव्हान्स डॉलरच्या चढउताराबरोबर हलत नाही, ज्या रेटने दिला त्याच रेटला गोठतो. इंडएएस लागू असेल तर २१ च्या परिशिष्ट बी मध्ये हेच आहे, १ एप्रिल २०१८ पासून. तेव्हा,

१२,००० × ८३ = ९,९६,०००
४८,००० × ८४ = ४०,३२,०००
मालाची किंमत ५०,२८,०००

सगळ्याला ८४ लावला असता तर ५०,४०,००० आले असते. १२,००० रुपयांनी स्टॉक फुगला असता आणि तेवढाच खोटा एक्स्चेंज गेन प्रॉफिटमध्ये आला असता. रक्कम लहान आहे पण मशीन घेताना ३० टक्के अ‍ॅडव्हान्स आणि वर्षभराचं अंतर असलं की हाच फरक लाखांत जातो.

---

स्टोअरकीपर_किरण | मंगळवार, सकाळी ८:१५

एक मिनिट, म्हणजे माल आलेलाच नसताना मी जीआरएन करायची?? उद्या प्रॉडक्शनवाले सिस्टीममध्ये १,२०० दिसतायत म्हणून इंडेंट टाकतील आणि माझ्या नावाने बोंब मारतील. स्टोअरमध्ये जे हाताला लागत नाही त्यावर मी सही करत नाही, सरळ सांगतो.

---

जुना_कमर्शियल | मंगळवार, सकाळी ९:०२

किरणराव, रास्त बोललात, सही तुम्ही करायचीच नाही. एक वेगळं गोदाम उघडायचं, नाव काहीही द्या, `Transit - SE` धरू. त्याचा प्रकार ट्रान्झिट ठेवायचा आणि त्याला स्वतःचं खातं जोडायचं, म्हणजे बॅलन्सशीटमध्ये ते मुख्य स्टॉकपासून वेगळं दिसतं. १८ मार्चच्या तारखेने कमर्शियलवाला त्या गोदामात `Purchase Receipt` करतो. स्टोअरमध्ये माल उतरला, मोजला, क्यूसी झाली की ट्रान्झिटमधून मुख्य गोदामात `Material Transfer`, आणि त्यावर सही तुमची. प्रॉडक्शनला फक्त मुख्य गोदाम दाखवा, म्हणजे इंडेंटचा प्रश्न मिटला.

याचा अजून एक फायदा आहे. समुद्रात काय काय आहे हे विचारायला कोणाला फोन लावायला लागत नाही, ट्रान्झिट गोदामाची शिल्लक हेच उत्तर.

```
SELECT item_code, actual_qty
FROM `tabBin`
WHERE warehouse = 'Transit - SE' AND actual_qty <> 0;
```

---

बारामतीचा_देव | मंगळवार, सकाळी ९:४०

+१. आम्हीपण असंच करतो. ट्रान्झिटमध्ये रिसीट, मग ड्युटी भरली की `Landed Cost Voucher` त्या रिसीटवर, ड्युटी आणि सीएचएचं बिल सगळं मालात जातं. एकदम सोपंय, ट्रान्सफर झालेली असली तरी पुढचा रेट सिस्टीम आपोआप सुधारते.

---

जुना_कमर्शियल | मंगळवार, दुपारी १:२०

देवा, निम्मं बरोबर. वर्षाच्या मधल्या महिन्यात चालून जातं. पण हिशेबनीसांच्या केसमध्ये हेच उलटेल.

`Landed Cost Voucher` वर तुम्ही एप्रिलची तारीख टाका नाहीतर मे ची, तो मूळ रिसीटच्या एंट्र्या काढून त्याच रिसीटच्या तारखेने परत लिहितो. म्हणजे ड्युटी भरली एप्रिलमध्ये आणि स्टॉकची किंमत वाढली १८ मार्चला. ३१ मार्चला जो माल समुद्रात होता, ज्यावर कस्टमने अजून एक पैसा मागितलेला नाही, त्याच्या किमतीत ड्युटी दिसायला लागते. आणि मार्चची खाती गोठवलेली असली तर व्हाउचर सबमिटच होत नाही, एरर येते, मग कोणीतरी शहाणा तारीख उघडून देतो आणि ऑडिट झालेला आकडा हलतो.

त्यावर उपाय म्हणजे ड्युटी रिसीटवर चढवायचीच नाही. ११ एप्रिलच्या ट्रान्सफरच्या `Stock Entry` मध्येच खाली `Additional Costs` चं टेबल असतं, तिथे चढवायची. ती त्याच तारखेने, मुख्य गोदामात आलेल्या मालावर बसते. मार्च तसाच राहतो.

---

चाकणचा_हिशेबनीस | मंगळवार, दुपारी १:५५

काका हे भारी आहे, मला वाटत होतं `Additional Costs` फक्त मॅन्युफॅक्चरिंगला असतं. आमच्या बिल ऑफ एन्ट्रीचे आकडे टाकतो, चुकत असेन तर सांगा. कस्टमचा रेट ८४.५० होता.

असेसेबल व्हॅल्यू ६०,००० × ८४.५० = ५०,७०,०००
बेसिक ड्युटी ७.५ टक्के = ३,८०,२५०
त्यावर सोशल वेल्फेअर सरचार्ज १० टक्के = ३८,०२५
या सगळ्याच्या बेरजेवर, म्हणजे ५४,८८,२७५ वर, आयजीएसटी १८ टक्के = ९,८७,८९० च्या आसपास

आणि सीएचए, डीओ, टर्मिनल, ट्रक मिळून ९५,००० जीएसटी सोडून. हे सगळं टेबलात टाकायचं?

---

मृणाल_सीए | मंगळवार, दुपारी २:३०

आयजीएसटी नाही! तो क्रेडिट मिळणारा टॅक्स, २बी मध्ये इम्पोर्टच्या रकान्यात दिसेल, मालात अजिबात टाकू नका. मालात जाणार बेसिक आणि सरचार्ज, म्हणजे ४,१८,२७५, अधिक तुमचे ९५,०००. एकूण ५,१३,२७५.

इंडिया कम्प्लायन्स अ‍ॅप घातलं असेल तर परचेस इन्व्हॉइसवरून `Bill of Entry` बनवता येतं, ते बनवा, आयजीएसटी बरोबर जागी जातो. तिथून पुढे लँडेड कॉस्टचं बटण येतं ते मात्र या केसमध्ये दाबू नका, काकांनी सांगितलेल्या कारणासाठी. `Bill of Entry` ड्युटी खर्चाच्या खात्यात डेबिट करेल, `Stock Entry` तेच खातं क्रेडिट करेल, दर कन्साइनमेंटनंतर ते खातं शून्यावर आलं पाहिजे. शून्य नसेल तर कुठेतरी गोची आहे हे लगेच कळतं.

---

पैठणी_एक्स्पोर्ट | मंगळवार, दुपारी ३:१०

नमस्कार, एलसीचा विषय निघालाच आहे तर विचारते. आमचा माल जर्मनीला गेला, एलसी आहे, कागद बँकेत देऊन पंधरा दिवस झाले, बँक म्हणते डिस्क्रेपन्सी आहे, पैसे कधी मिळतील? ईआरपीत हे पेंडिंग कसं दाखवायचं?

---

जुना_कमर्शियल | मंगळवार, दुपारी ४:००

ताई, हा धागा इम्पोर्टचा आहे, तुमचं उलट्या बाजूचं. थोडक्यात सांगतो, यूसीपी ६०० प्रमाणे कागद हातात आल्यावर बँकेला तपासायला पाच बँकिंग दिवस असतात, त्यात नाकारायचं कळवलं नाही तर नंतर नाकारता येत नाही. नाकारायची नोटीस कुठल्या बँकेने, कुठल्या तारखेला दिली ते लेखी मागवा. खरेदीदार डिस्क्रेपन्सी मान्य करत असेल तर तो वेव्हर देईल आणि पैसे सुटतील. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

---

पैठणी_एक्स्पोर्ट | मंगळवार, दुपारी ४:०६

ओके, धन्यवाद काका. काढते.

---

मधुरा_दुबई | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

मी सॅपवाली आहे, पण चक्र तेच. आमच्याकडे भारतातल्या क्लायंटला आधी कस्टम व्हेंडरच्या नावाने ड्युटीचं `MIRO` आणि मग `MIGO`, त्यामुळे ड्युटी जीआरएनच्या वेळीच मालात बसते, मागे जात नाही. पण अ‍ॅडव्हान्सच्या रेटचं तिकडेही आपोआप होत नाही हं. पीओच्या हेडरमध्ये रेट फिक्स करायचा टिक असतो, लोक भारित सरासरी काढून तिथे टाकतात.

हिशेबनीस, तुमच्या सिस्टीममध्ये दोन रेट एका रिसीटवर कसे लावणार हे कोणी सांगितलंच नाही अजून.

---

बारामतीचा_देव | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

दोन ओळी करायच्या ना. २४० नग ८३ ने एका रिसीटवर आणि ९६० नग ८४ ने दुसऱ्या रिसीटवर.

---

मृणाल_सीए | मंगळवार, रात्री ८:५०

होतं, पण एकाच इन्व्हॉइसचे आणि एकाच बीएलचे दोन तुकडे, पुढे बिल ऑफ एन्ट्रीला जुळवताना त्रास. मी मधुराने म्हटलं तसं करते. ५०,२८,००० भागिले ६०,००० म्हणजे ८३.८०. रिसीट आणि इन्व्हॉइस दोन्हीवर कन्व्हर्शन रेट ८३.८०, दोन्हीवर १८ मार्च. स्टॉकमध्ये एक व्हॉल्व ४,१९० ला बसला.

आता लोक घाबरतात ते इथे. अ‍ॅडव्हान्स इन्व्हॉइसला लावला की सिस्टीम ८३ आणि ८३.८० मधला फरक, १२,००० × ०.८० = ९,६०० चा गेन दाखवते, आणि वाटतं की हा तर खोटा गेन. थांबा. उरलेलं देणं वह्यांत ८४ च्या ऐवजी ८३.८० ने बसलंय, म्हणजे ९,६०० नी कमी. पुढे बँकेने समजा ८४.६० ने पैसे कापले, तर सिस्टीम ४८,००० × ०.८० = ३८,४०० चा लॉस दाखवेल. त्यातून आधीचा ९,६०० चा गेन वजा केला की २८,८००. खरा लॉस किती? ८४ वरून ८४.६०, ४८,००० × ०.६० = २८,८००. जुळलं. ३१ मार्चला देणं क्लोजिंग रेटने रीव्हॅल्यू केलं तरी असंच जुळतं, फक्त ते करायला विसरायचं नाही, नाहीतर मार्चमध्ये तो ९,६०० चा गेन एकटाच लोंबकळत राहील.

---

चाकणचा_हिशेबनीस | मंगळवार, रात्री ९:२०

कागदावर करून बघितलं, जुळतंय. ताई तुम्हाला साष्टांग. काका, ते मुदतीचं राहिलं.

---

जुना_कमर्शियल | मंगळवार, रात्री १०:१०

हो. एलसी ९० दिवस, पण कशापासून? तुमच्या एलसीत बीएलच्या तारखेपासून लिहिलंय. १८ मार्चनंतर ९० दिवस म्हणजे १६ जून. तुम्ही जो इन्व्हॉइस ११ एप्रिलला केला होता त्यावर सिस्टीमने ड्यू डेट १० जुलै टाकली असणार, बघा. २४ दिवसांचा फरक. सिस्टीम सप्लायरच्या इन्व्हॉइसची तारीख भरलेली असेल तर तिच्यापासून मोजते, नसेल तर पोस्टिंगच्या तारखेपासून, बीएल तिला माहीतच नसतं. पेमेंट शेड्यूलमध्ये तारीख हाताने १६ जून करा.

हे मी अनुभवाने सांगतोय. आधीच्या कंपनीत आमच्या कॅश फ्लोच्या शीटवर पेमेंट पुढच्या महिन्यात दिसत होतं, सगळे निवांत. एके दिवशी सकाळी बँकेचा फोन, एलसी ड्यू आहे, खात्यात पैसे नाहीत, डिव्हॉल्व होतोय. बँक तर सप्लायरला देणारच, शब्द तिचा आहे, मग ते आमच्या सीसी खात्यात ओढले, लिमिटच्या वर गेलो, दंडाचं व्याज लागलं आणि पुढचा एलसी उघडताना मार्जिन वाढवून मागितलं. मालक तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आणि ट्रॅकिंगमध्ये जहाजाच्या ईटीएच्या बरोबरीने बँकेत कागद कधी आले ती तारीख ठेवा. तैवानहून माल तीन आठवड्यांत येतो, कागद कधीकधी त्याच्या मागून येतात. ओरिजिनल बीएलशिवाय डीओ मिळत नाही, माल तिकडे पडून राहतो, फुकटचे दिवस संपले की कंटेनरचं डिटेन्शन चालू. मग लोक बँकेकडून शिपिंग गॅरंटी घेऊन माल सोडवतात. ती एकदा घेतली की नंतर कागदांत कितीही चुका निघोत, तुम्हाला ते नाकारता येत नाहीत, हे ध्यानात ठेवून सही करा.

---

टॅलीवाला_नाना | बुधवार, सकाळी ७:५०

प्रकाटाआ

---

टॅलीवाला_नाना | बुधवार, सकाळी ७:५८

आधीचा प्रतिसाद रागात लिहिला होता, काढला. बरं, कस्टम रेटचं मान्य. पण मग माझा एक प्रश्न, गेल्या वर्षी आमच्या सप्लायरने अ‍ॅडव्हान्स वजा करून उरलेल्या रकमेचंच इन्व्हॉइस पाठवलं, तेवढ्यावरच बिल ऑफ एन्ट्री झाली. आता बँक सारखी मेल करते की अ‍ॅडव्हान्सचा इम्पोर्ट झाल्याचा पुरावा द्या. कुठून देऊ?

---

जुना_कमर्शियल | बुधवार, सकाळी ९:३०

अरे बापरे नाना. हे रेटपेक्षा मोठं आहे.

बँकेने बाहेर पाठवलेला प्रत्येक अ‍ॅडव्हान्स आयडीपीएमएसमध्ये ओआरएम म्हणून उघडा असतो, आणि तो बंद होतो बिल ऑफ एन्ट्रीच्या रकमेशी जुळवून. हिशेबनीसांच्या केसमध्ये बिल ऑफ एन्ट्री ६०,००० ची, समोर १२,००० चा अ‍ॅडव्हान्स आणि ४८,००० चं एलसी पेमेंट, चोख जुळतं. तुमची बिल ऑफ एन्ट्री फक्त उरलेल्या रकमेची, म्हणजे अ‍ॅडव्हान्सला जोडायला काहीच उरलं नाही. आणि दुसरं म्हणजे कस्टमला मालाची पूर्ण किंमत दाखवलीच नाही, ड्युटी कमी भरली. हे स्वतःहून सुधारायला तुमच्या सीएचएला आणि कस्टमच्या वकिलाला आजच गाठा, फोरमवर याचं उत्तर मिळणार नाही.

हे टाळायची जागा एलसी उघडताना असते. एलसी ८० टक्क्यांचा असला तरी त्यात लिहून घ्यायचं की इन्व्हॉइस १०० टक्के किमतीचं असेल, त्यात अ‍ॅडव्हान्स वजा दाखवून ड्रॉइंग ८० टक्क्यांचं होईल. सप्लायर घाबरतो की इन्व्हॉइस एलसीपेक्षा मोठं दिसलं तर बँक परत पाठवेल, म्हणून तो छोटं करून देतो. एलसीतच लिहिलेलं असलं की तो निर्धास्त. आणि ईआरपीत अ‍ॅडव्हान्सच्या पेमेंट एंट्रीवर ओआरएम नंबरसाठी एक फील्ड काढा, सहा महिन्यांनी शोधताना दुवा द्याल.

---

मधुरा_दुबई | बुधवार, सकाळी ११:००

एलसीचं कमिशन मालात की फायनान्स कॉस्टमध्ये? माझे दोन क्लायंट दोन प्रकारे करतात.

---

मृणाल_सीए | बुधवार, सकाळी ११:२५

उघडायचं कमिशन त्याच खरेदीला थेट चिकटलेलं आहे म्हणून मी मालात घेते. ९० दिवसांचं व्याज वेगळं लावलं असेल तर ते फायनान्स कॉस्ट, तिथे वाद नाही.

---

जुना_कमर्शियल | बुधवार, सकाळी ११:४०

मी कमिशनपण बँक चार्जेसमध्येच टाकतो. तीन हजार रुपये बाराशे व्हॉल्वमध्ये वाटत बसायला वेळ कोणाला आहे. ऑडिटरने कधी अडवलं नाही.

---

मृणाल_सीए | बुधवार, सकाळी ११:४४

अडवलं नाही म्हणजे... परवा नानांना हेच म्हणालात ना काका :)

---

चाकणचा_हिशेबनीस | शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

अपडेट. मार्चची खाती अजून फायनल सही झालेली नव्हती, म्हणून सीएंच्या परवानगीने सगळं उलटवून नव्याने केलं. पेमेंट एंट्री रद्द, रिसीट आणि इन्व्हॉइस १८ मार्चला ८३.८० ने ट्रान्झिट गोदामात, ड्यू डेट १६ जून. ऑडिटरने ट्रान्झिटची ५०,२८,००० ची ओळ बघितली आणि पहिल्यांदा चहा प्यायला.

मग किरणने मुख्य गोदामात ट्रान्सफर करायला घेतली आणि म्हणाला, साहेब, ११ तारखेला मी मोजले तेव्हा १,१८८ भरले होते. कच्च्या वहीत लिहिलंय त्याने! जुन्या जीआरएनला आमच्या मुलाने पॅकिंग लिस्ट बघून १,२०० मारून टाकले होते. आता १,१८८ ट्रान्सफर केले, ५,१३,२७५ वर चढवले, ४,६२२ रुपयांच्या आसपास पडला एक. ट्रान्झिट गोदामात १२ नग अडकलेत, ५०,२८० रुपयांचे. इन्शुरन्सवर क्लेम करू का?

---

स्टोअरकीपर_किरण | शुक्रवार, संध्याकाळी ६:४१

मी तेव्हाच सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही.

---

जुना_कमर्शियल | शुक्रवार, रात्री ८:०५

किरणराव, ती कच्ची वही जपून ठेवा, फोटो काढून रिसीटला जोडा.

इन्शुरन्सची फार आशा धरू नका. सीआयएफमध्ये विमा सप्लायरने काढलेला, आणि वेगळं ठरवलं नसेल तर त्याला क्लॉज सी चा किमान विमा काढला तरी पुरतो. त्यात जहाज बुडणं, आग असलं येतं, खोक्यातून १२ नग कमी निघणं येत नाही. पॉलिसी काढून बघा कुठला क्लॉज आहे. कंटेनरचं सील शाबूत होतं का? शाबूत असेल तर माल तिकडूनच कमी भरलाय, सप्लायरला धरा. एलसी मात्र पूर्ण ४८,००० लाच कापला जाणार, बँक कागद बघते, व्हॉल्व मोजत नाही. ६०० डॉलरची क्रेडिट नोट मागा आणि पुढच्या ऑर्डरमध्ये वळती करा.

---

चाकणचा_हिशेबनीस | शुक्रवार, रात्री ८:५०

सील शाबूत होतं, गेट रजिस्टरला नंबर आहे, बीएलशी जुळतो. सप्लायरला मेल टाकली. त्या १२ नगांवर भरलेल्या ड्युटीचं काय, परत मिळते का?

---

बारामतीचा_देव | शुक्रवार, रात्री ९:१५

आम्हाला नाही मिळाली. माल बंदरातून सुटून फॅक्टरीत आल्यावर मोजला होता, सीएचए म्हणाला आता कसं सिद्ध करणार.

---

चाकणचा_हिशेबनीस | शनिवार, सकाळी १०:२०

सप्लायरचं उत्तर आलं. त्यांच्या वजनाच्या स्लिपवर एका खोक्याचं वजन बाकीच्यांपेक्षा कमी आहे, त्यांनीच मान्य केलं. क्रेडिट नोट देतायत. तोपर्यंत ते १२ ट्रान्झिटमध्येच ठेवतोय.